'जातो' म्हणजे नेमके कोण जातो?

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, मराठी माध्यमात. इंग्रजीच्या वहीत तो 'इज रेनिंग', 'वेंट टू मार्केट' असे लिहितो आणि बाई प्रत्येक ठिकाणी लाल गोल करतात. मी त्याला सांगितले की मराठीत क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळतो, इंग्रजीत कळत नाही, म्हणून तिथे तो लिहावा लागतो. त्यावर तो म्हणाला, 'मग नुसते जातो म्हटल्यावर मी जातो, तो जातो की आम्ही जातो, हे कशावरून कळते?' मला उत्तर देता आले नाही. (एक पालक, कऱ्हाड)

उत्तर :

मुलाची शंका रास्त आहे. प्रत्ययावरून कर्ता ओळखता येतो हे मराठीच्या काही काळांपुरते खरे आहे. आपण कर्ता गाळतो तो मात्र सगळ्याच काळांत. तेव्हा प्रत्यय हे कर्ता गाळण्याचे एक कारण असेल, पण एकमेव कारण असू शकत नाही. मी सांगलीत वकिलांसाठी जबाब, अर्ज, खरेदीखते अशा कागदांचे इंग्रजीत भाषांतर करतो. मराठीत न लिहिलेला कर्ता ओळीओळीतून शोधून इंग्रजीत लिहिणे हा या कामाचा रोजचा भाग आहे, त्यामुळे प्रत्यय कुठे साथ देतो आणि कुठे हात वर करतो, हे मी त्या अनुभवावरून सांगतो.

तुमचे म्हणणे पूर्ण लागू पडते ते भविष्यकाळात. जाईन, जाऊ, जाशील, जाल, जाईल, जातील अशी सहा रूपे आहेत आणि सहाही एकमेकांपासून वेगळी आहेत. 'उद्या साताऱ्याला जाईन' हे वाक्य एखाद्या फाटक्या चिठ्ठीवर एकटे सापडले तरी जाणारा म्हणजे लिहिणाराच, याबद्दल शंका राहत नाही. वर्तमानकाळात मात्र हा हिशेब ढिला पडतो. पुल्लिंगी रूपे घेतली तर मी, आम्ही आणि तो या तिघांनाही 'जातो' हेच रूप आहे. वेगळी राहतात ती 'जातोस', 'जाता' आणि 'जातात'. म्हणजे सहा जागांना रूपे चारच. 'जाते' हे रूप मी म्हणणाऱ्या स्त्रीचे असेल किंवा तिऱ्हाइत स्त्रीचे. आपल्या भागात त्यात आणखी एक गंमत आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या बोलीत अनेक बायका 'मी जातो', 'मी आलो' असेच म्हणतात, त्यामुळे 'जातो' ऐकून बोलणारा पुरुष आहे असेही ठामपणे धरता येत नाही. नकारात आणि 'णार' लावून केलेल्या रूपात तर 'येत नाही', 'येणार नाही' हे मी, आम्ही, तो, ती या सगळ्यांना सारखेच चालते.

मग ऐकणारा गोंधळत का नाही? कारण तो क्रियापद एकटे ऐकतच नाही. आधी कोणाचा विषय चालला होता हे त्याच्या मनात असते आणि न बोललेला कर्ता तो त्या विषयाला जोडतो. 'भाऊ पुण्याला असतो. दर शनिवारी येतो.' यात येणारा भाऊ आहे. कोणाचाही विषय निघालेला नसताना पाहुणा उंबऱ्यात उभा राहून 'येतो' म्हणाला, तर येणारा म्हणजे बोलणारा. विषय ठरलेला नसेल तर साध्या विधानात बोलणारा आणि प्रश्नात ऐकणारा, असे आपण सहसा धरून चालतो. प्रत्यय या अंदाजाला एक कुंपण घालतो, इतकेच. 'येतोस' म्हटले की मी आणि तो दोघेही बाद होतात, 'येतो' म्हटले की तू आणि तुम्ही बाद होतात. उरलेल्यांतून निवड करायची ती संदर्भाने. तुमच्या मुलाच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर हे आहे.

पण खरी परीक्षा भूतकाळात होते, आणि त्यासाठी लागणारे व्याकरण शाळेतलेच आहे. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, कर्मणीत कर्माप्रमाणे, आणि भावेमध्ये दोघांपैकी कोणाप्रमाणेच नाही. 'गेलो' कर्तरी आहे, त्यामुळे त्यात कर्त्याची खूण आहे. 'पोळी खाल्ली' यात 'खाल्ली'चा शेवट पोळीच्या लिंगावरून आला आहे. खाणारा मी असेन, तो असेल, ती असेल किंवा सगळे पाहुणे असतील, 'खाल्ली' तशीच राहते. तुमच्या नियमाप्रमाणे इथे तरी कर्ता सक्तीने लिहावा लागायला हवा होता. प्रत्यक्षात आपण 'पोळी खाल्ली, ताक प्यायलो आणि झोपलो' असे बिनदिक्कत म्हणतो आणि पोळी कोणी खाल्ली असे कोणी विचारत नाही.

जबाबांमध्ये नेमकी हीच रूपे येतात, कारण जबाब म्हणजे कोणी कोणाला काय केले याची भूतकाळातली हकिकत. तासगाव बाजूच्या बांधाच्या भांडणात लिहून घेतल्या जाणाऱ्या जबाबासारखा एक उतारा घेऊ. प्रसंग मी रचलेला आहे, पण वाक्यांची ठेवण कागदावर असते तशीच आहे :

'पाण्याला दारं धरायला रानात गेलो. बांध फोडलेला दिसला. शेजारी तिथंच उभा होता. विचारलं तर शिवी दिली आणि खोरं उचललं. ओरडल्यावर माणसं जमली.'

पहिल्या वाक्यातला 'गेलो' सरळ आहे. मी किंवा आम्ही, आणि जबाब एकट्याचा असल्यामुळे मी. दुसऱ्या वाक्यात 'दिसला' हा शब्द बांधाशी जुळला आहे. ज्याला बांध दिसला तो 'मला' गाळलेला आहे आणि क्रियापदावर त्याची कसलीही खूण नाही. तरी आपण तो भरतो, कारण हकिकत त्याचीच चालू आहे. तिसऱ्या वाक्यात 'शेजारी' हा शब्द लिहिणे भागच होते. न लिहिलेला कर्ता नव्या माणसाला गोष्टीत आणू शकत नाही. आधी कोणीतरी नावाने किंवा नात्याने आत यावे लागते, मगच त्याला गाळता येते.

अडचण चौथ्या वाक्यात आहे. 'विचारलं' नपुंसकलिंगी एकवचनी आहे, त्यात विचारणाऱ्याचा पत्ता नाही. 'दिली' शिवीशी जुळली आहे, 'उचललं' खोऱ्याशी. तीन क्रियापदे, दोन माणसे, आणि कोणत्याही प्रत्ययात माणसाची खूण नाही. तरीही गावातला कोणीही हे वाक्य एका दमात बरोबर समजतो : मी विचारले, त्याने शिवी दिली, त्यानेच खोरे उचलले. हे कसे होते ते सावकाश पाहण्यासारखे आहे.

विचारणारा कोण हे ठरते ते हकिकतीच्या ओघाने आणि व्यवहारज्ञानाने. ज्याचा बांध फुटला तो विचारणार. पुढचा 'तर' महत्त्वाचा आहे. गोष्ट सांगताना 'सांगितलं तर ऐकलं नाही', 'बोलावलं तर आला नाही' अशा जोड्यांत तरच्या अलीकडे एक माणूस आणि पलीकडे सहसा दुसरा असतो, म्हणून शिवी देणारा शेजारी होतो. त्यानंतरचा 'आणि' दोन क्रियापदांना एकाच कर्त्याखाली बांधतो, म्हणून खोरेही शेजाऱ्याच्याच हातात जाते. आता यातला एकच शब्द बदलून पाहा. 'विचारलं तर' ऐवजी 'विचारून शिवी दिली' असे लिहिले, तर विचारणारा आणि शिवी देणारा एकच माणूस होतो. 'ऊन' लावलेल्या धातुसाधिताचा कर्ता पुढच्या क्रियापदाच्या कर्त्याहून सहसा वेगळा नसतो; मराठीतल्या भरवशाच्या खुणांपैकी ही एक आहे, आणि ती 'उचललं'सारख्या क्रियापदाच्या शेवटात नसून वाक्याच्या जोडणीत आहे. शेवटच्या वाक्यातले 'ओरडल्यावर' मात्र मोकळे आहे. मी ओरडलो, शेजारी ओरडला की बघणारे तिसरेच कोणी, यातले काहीही त्यात बसते.

'आणि' काढून तिथे पूर्णविराम दिला तर 'शिवी दिली. खोरं उचललं.' असे होते आणि खोरे कोणी उचलले हे डळमळीत होते. शिवी ऐकून चिडलेल्या जबाब देणाऱ्यानेच ते उचलले असेल, असाही अर्थ लागू शकतो. लिहून घेणाऱ्याच्या हातून विरामचिन्ह इकडचे तिकडे झाले तर पहिला वार करायला कोण धावला, हेच उलटते. अशा ठिकाणी मी तर्काने कर्ता भरत नाही. शक्य असेल तर वकिलामार्फत जबाब देणाऱ्याला विचारून घेतो. ते शक्य नसेल तर इंग्रजीत 'अ स्पेड वॉज लिफ्टेड' अशी कर्मणी रचना करतो, म्हणजे खोरे उचलले गेले एवढेच सांगितले जाते आणि मूळ कागदातली मोघमता तशीच राहते; शिवाय समासात तशी टीप लिहितो. 'लिफ्टेड द स्पेड' असे बिनकर्त्याचे इंग्रजी वाक्य लिहिण्याची सोय नाही.

प्रत्यय या प्रयोगातही एका ठिकाणी मदतीला येतो. समोरच्याला उद्देशून बोलताना आपण 'शिवी दिलीस', 'खोरं उचललंस' असे म्हणतो आणि अनेकांना उद्देशून किंवा आदराने 'उचललंत' म्हणतो. 'दिलीस'मधला 'ई' शिवीचा आणि 'स' तुझा. एकाच क्रियापदावर कर्म आणि कर्ता दोघांच्या खुणा. शाळेत याला कर्तृ-कर्म संकर प्रयोग म्हणतात आणि गुणांपुरता तो पाठ करून सोडून देतात. खरे तर प्रत्ययातून पुरुष कळण्याचे याहून स्वच्छ उदाहरण भूतकाळात मिळणार नाही. मी आणि तो यांना मात्र असा 'स' मिळालेला नाही, त्यामुळे तिथे वर सांगितलेली सगळी उस्तवार करावी लागते.

आता इंग्रजीकडे. इंग्रजी क्रियापदाचे शेवट झिजले म्हणून कर्ता सक्तीचा झाला, ही समजूत पटण्याजोगी आहे. भूतकाळात 'वेंट' हे एकच रूप सगळ्यांना लागते हेही खरे. पण तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण शेजारची जर्मन भाषा याच्या आड येते. जर्मनमध्ये 'जाणे' या क्रियापदाची वर्तमानकाळातली सहा जागांची रूपे मोजली तर ती चार भरतात, म्हणजे आपल्या 'जातो, जातोस, जाता, जातात' एवढीच. तरीही जर्मन माणूस आपल्यासारखा कर्ता गाळू शकत नाही. उलट चिनी आणि जपानी भाषांत क्रियापदावर पुरुषाची खूण मुळीच नसते आणि तिथे कर्ता सर्रास गाळला जातो. इटालियनमध्ये सहाही रूपे वेगळी आहेत आणि कर्ता गाळतात. ते तुमच्या नियमात नीट बसते. भाषाशास्त्रज्ञ लुइजी रिझ्झी यांनी १९८२ मध्ये इटालियनच्या आधारे या विषयाची मांडणी केली आणि जेम्स हुआंग यांनी १९८४ मध्ये चिनीच्या आधारे दुसरी बाजू दाखवली : जिथे प्रत्यय नाही तिथे चालू विषय हाच गाळलेल्या नामाचा आधार होतो.

माझ्या मते मराठी या दोन्ही वाटांनी चालते. भविष्यकाळात ती इटालियनसारखी वागते आणि भूतकाळातल्या सकर्मक क्रियापदात चिनीच्या जवळ जाते. याची एक साधी खूण अशी की आपण कर्ताच नव्हे तर कर्मही गाळतो. दळण आणायला गेलेला मुलगा परत आला की आई 'आणलंस का?' एवढेच विचारते. 'स'मुळे आणणारा कळतो. आणलेली वस्तू कोणती, ते दोघांनाही ठाऊक असते. इटालियनमध्ये कर्ता गाळला तरी अशा ठिकाणी कर्मासाठी छोटे सर्वनाम ठेवावे लागते.

इंग्रजीची सक्ती समजायची असेल तर 'इट रेन्स' हे वाक्य घ्यावे. क्रियापदाच्या शेवटी 'एस' आहे, म्हणजे तृतीय पुरुष एकवचन ही माहिती आहेच. पाऊस पाडणारा कोणी माणूस नाही, म्हणजे ओळखायलाही काही नाही. तरी 'इट' हवेच. तेव्हा 'इट' हे कर्ता कळावा म्हणून येत नाही, ते जागा भरण्यासाठी येते. इंग्रजीत कर्ता आणि कर्म यांची ओळख नामाला लागलेल्या विभक्तीने होत नाही, ती जागेवरून होते : क्रियापदाच्या आधी कर्ता, नंतर कर्म. आपण 'वाघाने माणसाला मारले' आणि 'माणसाला वाघाने मारले' असे दोन्ही म्हणू शकतो, कारण 'ने' आणि 'ला' शब्दाबरोबर चालतात. इंग्रजीत ही दोन नामे अदलाबदल केली तर मरणारा बदलतो. प्रश्नसुद्धा याच जागेच्या जोरावर होतो. 'इट इज रेनिंग'चा प्रश्न करायचा तर 'इज' उचलून 'इट'च्या अलीकडे ठेवावा लागतो. इतकी कामे ज्या जागेवर अवलंबून आहेत ती रिकामी सोडण्याची मुभा भाषा देत नाही, आणि म्हणूनच अर्थाने कोणीच कर्ता नसला तरी तिथे 'इट' किंवा 'देअर' बसवले जाते.

जुन्या इंग्रजीत नामांच्या विभक्ती शिल्लक होत्या तेव्हा ही सक्ती एवढी कडक नव्हती. 'मीथिंक्स' हा जुनाट शब्द मुलाने इंग्रजी वाचनात कधी पाहिला तर त्याला सांगा की त्याची घडण आपल्या 'मला वाटते' सारखीच आहे : वाटणारा चतुर्थीत, क्रियापद तृतीय पुरुषी, आणि 'इट'ला जागाच नाही. मराठीत अशी क्रियापदे आजही भरपूर आहेत. 'उजाडलं', 'उकडतंय', 'मळमळतं' यांना व्याकरणात भावकर्तृक म्हणतात. त्यांत कर्ता गाळलेला नसतो, तो मुळातच नसतो, आणि क्रियापद गपचूप नपुंसकलिंगी एकवचनात जाते.

मुलगा हुशार दिसतो, तेव्हा तो एक आक्षेप घेईल याची तयारी ठेवा. इंग्रज लोकही रोजनिशीत, चिठ्ठीत, मोबाइलवरच्या निरोपात 'वेंट टू मार्केट' लिहितात. ते खरे आहे, पण ती सवलत वाक्याच्या अगदी सुरुवातीपुरती आहे. वाक्याच्या पोटात ती चालत नाही. 'मामा म्हणाले की उद्या येतील' यात आपण 'की'नंतर खुशाल कर्ता गाळतो. इंग्रजीत 'अंकल सेड दॅट विल कम' रोजनिशीतही कोणी लिहिणार नाही. निबंधात तर सुरुवातीचीही सवलत नाही, त्यामुळे बाईंचे लाल गोल बरोबरच आहेत.

वहीचे म्हणाल तर मुलाला क्रियापदाच्या शेवटाकडे बघून कर्ता शोधायला सांगू नका. 'भूक लागली' यात शेवट भुकेशी जुळला आहे. त्याच्या मागे गेला तर तो 'हंगर' शब्दाने वाक्य सुरू करेल, आणि हवे आहे ते 'आय ॲम हंग्री'. त्याऐवजी मराठी वाक्यातच गाळलेले मी, मला, त्याने, आम्हाला हे शब्द पेन्सिलने परत लिहायला सांगा आणि मग भाषांतर करू द्या. 'बाजारात गेलो' मध्ये मी येईल, 'भूक लागली' मध्ये मला येईल. हे फक्त इंग्रजीसाठी करायचे, एवढे मात्र त्याला बजावा; मराठी निबंधात प्रत्येक वाक्याला 'मी' लावला की तो 'दुसरा कोणी नव्हे, मीच' असा ठसक्याचा होतो आणि चार ओळींत वाचणाऱ्याला खुपू लागतो. पेन्सिलने भरायला माणूसच सापडला नाही, जसे 'उकडतंय', 'उशीर झाला' किंवा 'कऱ्हाडहून साताऱ्याला जायला तास लागतो', तर ती जागा 'इट'ची. शेवटच्या वाक्यात 'लागतो' हे तासाशी जुळलेले आहे, पण इंग्रजीत 'इट टेक्स ॲन आवर' असे म्हणताना तास क्रियापदाच्या पलीकडे जातो आणि अलीकडची जागा 'इट' अडवतो.